रोप साठ रुपयाचं, झाड चौदाशेचं



येत्या ग्रामसभेत आमच्या गावात पुन्हा वृक्षलागवडीचा विषय आहे. गायरानावर हजार झाडं लावायची असं बोलणं चालू आहे. माझं मत दोनशेच लावा असं आहे. हे मत ऐकून काही जण नाराज झाले. "तुम्ही झाडाच्या विरोधात आहात का" असं एका पोरानं तोंडावर विचारलं. म्हणून हिशोब मांडतो. हिशोबात चूक असेल तर दाखवा, मी मत बदलीन.

आधी माझी चूक सांगतो. 2018 च्या पावसाळ्यात आम्ही याच गायरानावर हजार रोपं लावली होती. त्या वर्षी राज्याचं 13 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, त्याआधी 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी आणि पुढं 2019 ला 33 कोटी. गावोगाव रोपांचे ट्रॅक्टर फिरत होते. रोपं जवळजवळ फुकटात आली, शाळेची पोरं आली, एका दिवसात हजार खड्डे भरले. त्या लागवडीच्या कागदावर समितीचा सदस्य म्हणून माझीही सही आहे. त्या कागदावर रोपं होती, खड्डे होते, फोटो होते. पाण्याला एक रुपया नव्हता. 2018-19 चा दुष्काळ तुम्हाला सांगायला नको, जनावरं छावणीला होती. जून 2019 मध्ये मी स्वतः फिरून मोजली तेव्हा 61 झाडं जिवंत होती. दोष कोणाला द्यायचा? पाऊस पडला नाही हे खरं. पण पाऊस न पडणं ही आपल्या जिल्ह्यात नवलाची गोष्ट नाही, ती बजेटमध्ये धरायची गोष्ट आहे. ती आम्ही धरली नाही.

आता दोनशे झाडांचा हिशोब बघा. आकडे आमच्या भागातल्या आजच्या दराचे आहेत, तुमच्याकडं थोडं इकडंतिकडं होईल. मजुरी बाई-गडी मिळून सरासरी 400 रुपये धरली आहे. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता, पण त्या दरात टँकरमागं पळायला माणूस मिळत नाही हे आपल्याला माहीत आहे.

15 बाय 15 फुटावर दोनशे झाडं लावली तर जागा लागते एक एकर एक गुंठा. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. आमच्या मुरमाड जमिनीत एक गडी दिवसाला आठ खड्डे काढतो. म्हणजे 25 रोज, 10,000 रुपये. खड्डे एप्रिल-मे मध्येच काढायचे, म्हणजे ऊन लागून किडे मरतात आणि पहिला पाऊस खड्ड्यात मुरतो. भरायला तळ्यातला गाळ, शेणखत आणि वाळवीसाठी ओंजळभर निंबोळी पेंड, खड्ड्याला 40 रुपये, मिळून 8,000. तीन-चार फुटाचं चांगलं रोप 60 रुपयाला, दोनशेचे 12,000 आणि वाहतूक 3,000. लावणी, काठी, बांधणी 6,000.

इथपर्यंत 39,000 झाले. बहुतेक लागवडीचं बजेट इथंच संपतं, आणि आमचं 2018 चं तर याच्या कितीतरी आधीच संपलं होतं. खरा खर्च इथून पुढं चालू होतो.

कुंपण. एक एकराच्या चौकोनी तुकड्याची कड साधारण 850 फूट भरते. सिमेंटचे खांब आणि चार पदरी काटेरी तार 55 रुपये फुटानं 46,750 रुपये. हेच दोनशे झाडं एक किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावली तर मात्र सलग कुंपण घालता येत नाही, झाडागणिक जाळी लागते. लोखंडी जाळी 900 रुपयाला धरली तर 1,80,000 होतात. बांबूची जाळी स्वस्त आहे, पण तिला दोन वर्षांत वाळवी लागते आणि शेळी मान घालते ती निराळीच. रस्त्याकडेची झाडं दिसायला छान, फोटो चांगला येतो, पण जिथं पैसा कमी आहे तिथं झाडं एका जागी, चौकोनी तुकड्यात लावा. लांबट पट्टी केली तरी कड वाढते आणि तारेचा खर्च वाढतो.

पाणी. ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस थांबतो आणि पुढचा भरवशाचा पाऊस जूनच्या मध्यात. आठ महिने झाले. पहिल्या वर्षी हिवाळ्याचे चार महिने दर दहा दिवसांनी म्हणजे 12 पाळ्या, आणि मध्य फेब्रुवारीपासून आठवड्याला एक म्हणजे 17 पाळ्या. एकूण 29. झाडाला 20 लिटर, दोनशे झाडांना 4,000 लिटर, सांडलवंड धरून 5,000 लिटरचा एक टँकर एका पाळीला. टँकर 1,000 रुपये आणि पाणी घालायला दोन माणसं 800. एक पाळी 1,800 रुपयाची. 29 पाळ्या 52,200. आळी करणं, खुरपणी, आणि दिवाळीनंतर कुंपणाच्या कडेनं दहा फूट गवत काढून जाळपट्टा करणं, हे सगळं 6,800.

पहिल्या वर्षाची बेरीज झाली 1,44,750 रुपये. त्यात रोपांचे 12,000.

आता जो मुद्दा कोणी धरत नाही तो. मेलेल्या झाडांच्या जागी नवी झाडं, म्हणजे नांग्या भरणं.

चांगली निगा ठेवूनही पहिल्या वर्षी पाचातलं एक रोप जातं असं मी धरतो. दोनशेतले 40 गेले. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जागी नवी लावायची. बजेट करणारा म्हणतो, 40 रोपं गुणिले 60, झाले 2,400. तसं नसतं. एक तर जुन्या झाडांच्या बरोबरीला यायला रोप मोठं लागतं, ते 120 ला मिळतं, आणि खड्डा उकरणं, लावणी धरून 175 रुपये पडतात, म्हणजे 7,000. दुसरं आणि मोठं म्हणजे, त्या 40 रोपांचं वय शून्य असतं. बाकीच्या 160 झाडांना दुसऱ्या वर्षी 20 पाळ्यांत भागतं. पण या 40 ना पहिल्या वर्षासारख्याच 29 पाळ्या लागतात. तारखेनं लागवड दोन वर्षांची झाली, पण त्या रोपासाठी घड्याळ पुन्हा एकपासून चालू होतं. मग सगळ्यांच्या 20 पाळ्यांचे 36,000 आणि फक्त नव्यांसाठी बॅरल नेऊन नऊ जादा पाळ्या, 500 रुपयानं 4,500. खुरपणी आणि तार दुरुस्ती धरून दुसरं वर्ष जातं 57,300 ला.

तिसऱ्या पावसाळ्यात आणखी 20 नांग्या धरा. जुन्या झाडांना आता फक्त उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी, आठ पाळ्या, जरा जास्त म्हणजे 25 लिटरनं. मागच्या वर्षीच्या 40 ला 20 पाळ्या. नव्या 20 ला पुन्हा 29. सगळं मिळून तिसरं वर्ष 36,400.

चौथ्या वर्षी नवं काही लावायचं नाही, पण मागच्या दोन खेपांची साठ रोपं अजून लहान आहेत. त्यांना बॅरलनं पाणी, तार, खुरपणी मिळून 16,000. हे चौथं वर्ष मी कुठल्याच बजेटमध्ये बघितलेलं नाही. सगळीकडं तीन वर्षं धरतात आणि तिसऱ्या वर्षी नांग्या भरून कागद पूर्ण करतात. तिसऱ्या वर्षी लावलेल्या रोपाला पहिला उन्हाळा बघायच्या आधीच पैसा संपलेला असतो. म्हणून माझा नियम साधा आहे. पाण्याचा पैसा ज्या वर्षी संपतो त्याच्या दोन वर्षं आधी नांग्या भरणं थांबवा. रिकामा खड्डा परवडला, मरणारं रोप नको.

चार वर्षांची बेरीज 2,54,450. दुष्काळासाठी वर 25,000 बाजूला ठेवा, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. दोनशेनं भागलं तर एका झाडाला 1,400 रुपये. दुष्काळाचा पैसा सोडून राहिलेल्या खर्चात पाण्याचा वाटा बरोबर निम्मा, कुंपणाचा बावीस टक्के, आणि नांग्यांसकट सगळ्या रोपांची किंमत रुपयात साडेसात पैसे. आपण फुकट रोपं मिळाली म्हणून खूश होतो, तेव्हा आपले रुपयातले हे साडेसात पैसे वाचलेले असतात.

आता ग्रामसभेचा विषय. आमच्याकडं वेगवेगळ्या निधीतून चार वर्षांत मिळून तीन लाखाच्या आसपास जमेल असं सरपंच म्हणतात. त्यात हजार झाडांचे खड्डे, रोपं आणि लावणी होते, वर काही उरलं तर पाण्याच्या दहा-बारा पाळ्या. नाहीतर दोनशे झाडं शेवटपर्यंत होतात. आधी चौथ्या वर्षापर्यंतचा पैसा मोजा, त्याला 1,400 नं भागा, जो आकडा येईल तेवढेच खड्डे घ्या. उलट्या बाजूनं, म्हणजे रोपं किती मिळतात तिथून सुरुवात केली की 61 वर येऊन थांबतं.

पैसा असला तरी एक अडचण आपल्या जिल्ह्याची खास आहे. पाणी लागतं ऑक्टोबर ते जून. आणि आमचं निम्मं गाव दसरा-दिवाळीला उसाच्या फडावर जातं ते पाडव्याच्या आगंमागं येतं. ज्या 29 पाळ्या सांगितल्या त्यातल्या सतरा-अठरा गाव रिकामं असतानाच्या आहेत. बिहार पॅटर्न आपण ऐकलेला आहे. 2009 साली बिहारच्या तिरहुत विभागात रोजगार हमीतून तो सुरू झाला. चार कुटुंबांच्या गटाला दोनशे झाडं सांभाळायला द्यायची. नव्वद टक्के जगली तर पूर्ण मजुरी, पंचाहत्तर-ऐंशी टक्के जगली तर निम्मी, त्याच्याही खाली गेली तर काम दुसऱ्याला. पैसा लावण्याला नाही, जगवण्याला, हे त्यातलं शहाणपण. पण आमच्याकडं ती कुटुंबं उचल घेऊन कोयत्यावर गेलेली असली तर डिसेंबरात झाडाला पाणी कोण घालणार?

गावात मागं कोण राहतं ते बघा. म्हातारी माणसं, काही एकट्या बाया, आणि शेळ्या. शेळ्या त्या म्हाताऱ्यांकडंच असतात. म्हणजे झाडाचा मोठा शत्रू आणि झाडाचा राखणदार एकाच घरात आहेत. माझं म्हणणं आहे की पाणी घालायचं काम, वर्षाचे ते 58 रोज, याच लोकांना लिहून द्या. टँकरवाला पाइपानं बॅरल भरून देतो, तिथून बादलीनं घालायला तरणा गडीच पाहिजे असं नाही. ज्याच्या शेळ्या त्याला त्या झाडाचे पैसे मिळत असले तर तार वाकवून शेळी आत सोडायचं बंद होतं. मजुरी जिवंत झाडाच्या मोजणीवर द्या, पण दुष्काळ जाहीर झाला तर टक्केवारी सैल करा. नाहीतर पाऊस न पडल्याचा दंड एखाद्या म्हातारीवर बसायचा.

मोजणीबद्दल दोन गोष्टी. मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी करा. ऑगस्टात सगळं हिरवं असतं, रोप कोणतं आणि तण कोणतं कळत नाही. आणि प्रत्येक खड्ड्याला नंबर द्या, दगडावर ऑइलपेंटनं लिहिलं तरी चालतं. नंबर नसला की मागच्या महिन्यात लावलेली नांगीसुद्धा "जगलेलं झाड" म्हणून मोजली जाते, आणि कागदावर पंचाण्णव टक्के येतात. वहीत नंबरासमोर लावल्याची तारीख लिहा, नांगी भरली तर नवी तारीख. मग कोणत्या झाडाला किती पाळ्या लागतात तेही आपोआप कळतं.

जूनमध्ये वाळलेलं दिसलं म्हणून लगेच उपटू नका. बुडाजवळ नखानं साल खरवडा. आत हिरवं, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. वरचा शेंडा वाळलेला असला तरी कडुनिंब आणि सीताफळ पहिल्या पावसावर बुडातून फुटतं. जुलैच्या मध्यापर्यंत वाट बघा. आम्ही 2019 ला 61 मोजली होती, पावसानंतर आणखी चौदा सीताफळं फुटली. घाईनं उपटली असती तर चौदा खड्ड्यांचं काम वाढलं असतं. वाळलेलं रोप हलक्या हातानं उपटून आलं आणि मुळं कुरतडलेली दिसली तर हुमणी आहे असं समजा. खोडाला मातीचा लेप दिसला तर वाळवी. आणि मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली निघाली तर रोप नर्सरीतच जुनं झालेलं होतं, पाणी घालणाऱ्याचा दोष नाही. हे कारण वहीत लिहिलं तर पुढच्या वर्षी पैसा कुठं घालायचा ते कळतं.

झाड कोणतं हाही खर्चाचाच प्रश्न आहे. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, करंजाकडंही फारशी जात नाही. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपोआप येतं, बीडच्या सीताफळाला 2016 ला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुकड्याच्या कडेच्या दोन ओळी सीताफळ आणि करंजाच्या घ्या, आत चिंच, कडुनिंब, वड. तार एखाद्या ठिकाणी तुटली तरी शेळी आधी बेचव ओळीलाच भिडते. गुलमोहर लवकर वाढतो म्हणून मागतात, पण तो वाऱ्यात मोडतो.

लागवडीचा दिवस आधी ठरवू नका. कार्यक्रमाची तारीख पत्रिकेवर छापली की कोरड्या मातीतही रोप लावावं लागतं. पेरणीला जो नियम तोच इथं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून खड्डा आतपर्यंत ओला झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पाहुणे नंतरही येतील.

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सयाजी शिंदे आणि वनविभागानं सह्याद्री देवराई उभी केली, 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलन झालं. आपल्या मुरमाड डोंगरावर झाड येतं हे तिथं जाऊन बघता येतं. त्या डोंगराला नंतर आग लागल्याची बातमीही आपण वाचली. म्हणून जाळपट्ट्याचा खर्च मी धरला आहे, तो शेकडा दोन-तीनसुद्धा भरत नाही, पण तो वाचवला तर चार वर्षं एका दुपारी जातात.

एक शंका बरोबर आहे, ती मीच मांडतो. 2018-19 सारखं वर्ष पुन्हा आलं तर 25,000 नं काय होणार? खरं सांगायचं तर माणसाला टँकर चालू असताना पैसा असूनही झाडाला पाणी मिळत नाही, मागायलाही तोंड होत नाही. अशा वर्षी सगळ्यांना थोडं थोडं पाणी देऊन सगळी घालवण्यापेक्षा, जानेवारीतच बघून चांगली शंभर निवडा, त्यांना उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन द्या, पंधरा दिवसांनी दहा लिटर द्या आणि बाकीची नशिबावर सोडा. हा निर्णय जड जातो. पण दोनशेतली शंभर वाचवता येतात. हजारातली शंभर कोणती, हे ठरवायलाच उन्हाळा निघून जातो.

ग्रामसभेत मी हीच वही घेऊन जाणार आहे. 2018 च्या कागदावर सही केली तेव्हा पाण्याचा रकाना रिकामा होता आणि मी तो वाचला नव्हता. यावेळी चारही वर्षांचे रकाने भरलेले दिसले तरच सही करीन. तुमच्या गावात टँकरचा आणि तारेचा दर काय चालू आहे, आणि मागच्या लागवडीतली खरी किती उरली, ते लिहा. आकडा कमी असला तरी लिहा, माझा 61 चा सांगून झाला आहे.